सुरक्षा अनामत परत मिळवण्याचं पत्र: विनंती कमी, हिशोब जास्त

व्हिडिओत आपण सरकारी कामाची निविदा भरण्यापासून अंतिम देयकापर्यंत आलो. शेवटच्या पाच मिनिटांत पत्राचा विषय घाईत संपवला होता. ते पत्र आज इथे पूर्ण देतो, आणि त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे तेही सांगतो.

माझं दुकान हार्डवेअरचं. सिमेंट, सळई, पाइप उधारीवर नेणारे छोटे कंत्राटदार माझे रोजचे गिऱ्हाईक. त्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "शेठ, अनामत सुटली की तुमचा हिशोब पहिला." काम होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात, भिंत उभी असते, रस्ता वापरात असतो आणि पैसे मात्र विभागाकडेच पडून असतात. विचारलं की कळतं, गड्याने अर्ज दिलेला आहे, पण अर्जात फक्त विनंती आहे. कोणती रक्कम, कोणत्या बिलातून कापलेली, आता का देय झाली, यातलं काहीच नाही. असा अर्ज फायलीला लागतो आणि तिथेच राहतो.

आधी नेमकं काय अडकलंय ते वेगळं करू. आपण सगळ्याला मिळून "डिपॉझिट" म्हणतो, पण त्यात बहुतेक वेळा तीन वेगळे पैसे असतात आणि ते सुटण्याच्या अटीही तीन वेगळ्या असतात. एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. आकडे मी समजायला सोपे घेतलेत. टक्केवारी आणि मुदत तुमच्या स्वतःच्या करारनाम्यातली बघा, कारण ती कामागणिक बदलते.

काम आहे ग्रामीण रुग्णालयाच्या संरक्षक भिंतीचं, सार्वजनिक बांधकाम विभागाकडून मिळालेलं. कराराची रक्कम १८,००,०००. सुरक्षा अनामत एकूण ४ टक्के. त्यातली २ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये, करार करताना कार्यकारी अभियंत्यांच्या नावे मुदत ठेव पावती देऊन भरली. उरलेली २ टक्के प्रत्येक बिलातून कापायची. पहिलं चालू देयक ६,००,००० चं, त्यातून १२,००० कापले. दुसरं ७,५०,००० चं, त्यातून १५,०००. काम प्रत्यक्षात १७,६०,००० वर संपलं, म्हणून अंतिम देयकात उरलेल्या ४,१०,००० वर ८,२०० कापले. बिलातून कापलेली अनामत झाली ३५,२००. शिवाय काँक्रीटच्या क्यूबचे २८ दिवसांचे चाचणी अहवाल वेळेत आले नव्हते, म्हणून अंतिम देयकातून २०,००० रुपये रोखून ठेवले.

तिन्ही मिळून ९१,२०० होतात. या कामात ८ टक्के नफा सुटला असं धरलं तर नफा होतो १,४०,८००. म्हणजे नफ्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग विभागाकडेच आहे आणि तुम्ही तोवर माल उधारीवर उचलताय. धंदा फायद्यात असूनही गल्ल्यात पैसा का नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

आता अटी. रोखलेले २०,००० हे अनामत नाहीतच. ते एका कागदासाठी थांबलेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला, त्यात मजबुती करारात हवी तेवढी निघाली, की त्याच आठवड्यात वेगळं पत्र देऊन मागायचे. त्यासाठी दोन वर्षं थांबायचं कारण नाही. तरी लोक थांबतात, कारण त्यांनी सगळं "डिपॉझिट" या एका नावाखाली टाकलेलं असतं. गौण खनिजाच्या स्वामित्वधनापोटी कापलेली रक्कम असेल तर तीही अशीच वेगळी. वाहतूक परवान्यांच्या पावत्या जोडून तिची स्वतंत्र मागणी करायची.

बिलातून कापलेले ३५,२०० आणि ३६,००० ची मुदत ठेव पावती हे दोन्ही दोष दायित्व कालावधी संपल्यावर सुटतात. या मुदतीत कामात जो दोष निघेल तो स्वखर्चाने दुरुस्त करायची जबाबदारी तुमची असते. आपल्या उदाहरणात ती २४ महिन्यांची आहे. काही करारांत अर्धी अनामत अंतिम देयकासोबतच द्यायची तरतूद असते. ती असेल तर तेव्हाच मागा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो या २४ महिन्यांची सुरुवात कुठून, यावर. आपल्या कामाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर काम १४ मार्च २०२३ ला पूर्ण झालं असं लिहिलंय. अंतिम देयक निघालं ऑगस्ट २०२३ मध्ये. लेखा शाखेच्या टेबलावर अंतिम देयकाची तारीख समोर असते, म्हणून तिथून मोजायची सवय असते. तसं मोजलं तर मुदत ऑगस्ट २०२५ ला संपेल. पण करारात जर "काम पूर्ण झाल्याच्या दिनांकापासून" असे शब्द असतील, तर ती १३ मार्च २०२५ लाच संपली. पाच महिन्यांचा फरक एका तारखेचा आहे. म्हणून पत्रात कराराचं कलम, त्यातले शब्द आणि पूर्णत्वाच्या दाखल्याचा क्रमांक हे तिन्ही लागतात. दाखलाच घेतला नसेल तर आधी तो घ्या. त्याच्याशिवाय पुढचं सगळं तोंडी राहतं.

पत्र कोणासाठी लिहायचं, हे आता बघू. नाव कार्यकारी अभियंत्यांचं असतं, कारण करार त्यांच्याशी झालाय. पण साहेब तुमच्या पत्रावर फक्त शेरा मारतात. पत्र खरं वापरतो तो लेखा शाखेतला लिपिक, ज्याला टिपणी मांडायची असते. त्याला ठेवींच्या नोंदवहीत तुमची रक्कम शोधायची असते, आणि तिथे ती कामाच्या नावापेक्षा कोणत्या महिन्यातल्या कोणत्या प्रमाणकाने जमा झाली यावरून लवकर सापडते. प्रमाणक म्हणजे ज्या क्रमांकाने तुमचं बिल अदा झालं तो व्हाउचर क्रमांक. तो पत्रात असेल तर काम सोपं होतं. नसेल तर त्याला तीन वर्षांच्या वह्या चाळाव्या लागतात, आणि त्याच्या टेबलावर ज्यांना शोधावं लागत नाही असे दहा अर्ज आधीच पडलेले असतात. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच दहा आधी काढले असते.

म्हणून प्रत्येक बिल निघालं की प्रमाणक क्रमांक आणि महिना लगेच आपल्या वहीत टिपून ठेवायचा. ते राहून गेलं असेल तर एक सोपा रस्ता आहे. तुमच्या आयकराच्या फॉर्म २६एएस मध्ये विभागाने कापलेल्या टीडीएसची तारीख आणि एकूण रक्कम दिसते. बँकेच्या पासबुकातली जमा तारीख त्याला जुळवली की कोणतं बिल कोणत्या महिन्यात निघालं ते नक्की होतं. तेवढं घेऊन लेखा शाखेत गेलात तर प्रमाणक शोधणं अर्ध्या तासाचं काम उरतं.

पत्र देण्याआधी आणखी एक काम करायचं. मुदत संपायच्या महिनाभर आधी उपविभागात जाऊन शाखा अभियंत्यांना संयुक्त पाहणीची लेखी विनंती करा. कारण विभाग तुमचं पत्र उपविभागाकडे पाठवून "दोष आहेत काय, अहवाल सादर करावा" असं विचारणारच. फाइल सर्वात जास्त अडकते ती या फेरीत. पाहणी आधी झाली असेल तर तो अहवाल तयारच असतो. पाहणीत काही निघालं, उदाहरणार्थ सांध्याजवळ गिलाव्याला भेग, तर तेव्हाच बुजवून तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. गवंड्याची दोन दिवसांची मजुरी वाचवायला गेलात तर त्या भेगेच्या नावाखाली ७१,२०० अडकतील.

आता पत्र. ठिकाण, क्रमांक रिकामे ठेवलेत, ते तुमचे भरा.

दिनांक: १७ मार्च २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
सार्वजनिक बांधकाम विभाग, ..........

विषय: ग्रामीण रुग्णालय, .......... येथील संरक्षक भिंतीचे बांधकाम. दोष दायित्व कालावधी पूर्ण झाल्याने सुरक्षा अनामत रक्कम रु. ७१,२०० परत मिळणेबाबत.

संदर्भ:
१) करारनामा क्र. बी-१/....../२०२२-२३
२) कार्यारंभ आदेश जा. क्र. ......, दि. ......
३) काम पूर्णत्वाचा दाखला जा. क्र. ......, दि. ......
४) संयुक्त पाहणी अहवाल, दि. २० फेब्रुवारी २०२५

महोदय,

उपरोक्त काम आम्ही संदर्भ क्र. १ च्या करारानुसार दि. १४ मार्च २०२३ रोजी पूर्ण केले असून तसा दाखला संदर्भ क्र. ३ अन्वये मिळाला आहे. कामाचे अंतिम देयक अदा झाले आहे. करारनाम्यातील कलम क्र. ...... नुसार दोष दायित्व कालावधी काम पूर्ण झाल्याच्या दिनांकापासून २४ महिने असून तो दि. १३ मार्च २०२५ रोजी संपला आहे.

या कालावधीत आपल्या उपविभागाकडून दि. १८ जुलै २०२४ चे एक पत्र मिळाले होते. त्यात नमूद केलेली गिलाव्याची दुरुस्ती आम्ही दि. २ ऑगस्ट २०२४ रोजी स्वखर्चाने पूर्ण केली. त्यानंतर कोणतीही सूचना प्रलंबित नाही. संयुक्त पाहणीतही दोष आढळलेला नाही.

आमच्या देयकांतून कपात झालेली अनामत पुढीलप्रमाणे आहे.

पहिले चालू देयक, मो. पु. क्र. ...... पृ. ......, प्रमाणक क्र. ......, ऑक्टोबर २०२२: रु. १२,०००
दुसरे चालू देयक, मो. पु. क्र. ...... पृ. ......, प्रमाणक क्र. ......, जानेवारी २०२३: रु. १५,०००
अंतिम देयक, मो. पु. क्र. ...... पृ. ......, प्रमाणक क्र. ......, ऑगस्ट २०२३: रु. ८,२००
एकूण: रु. ३५,२००

याशिवाय करारावेळी सादर केलेली मुदत ठेव पावती क्र. ......, बँक ......, रु. ३६,००० आपल्या ताब्यात आहे.

तरी रु. ३५,२०० आमच्या खालील बँक खात्यात जमा करण्यात यावेत आणि मूळ मुदत ठेव पावती मुक्त करून, बँकेच्या नावे तसे पत्र देऊन, आम्हास परत करण्यात यावी, ही विनंती.

अंतिम देयकातून चाचणी अहवालासाठी रोखलेल्या रु. २०,००० बाबत आमचे दि. ...... चे पत्र स्वतंत्र आहे. ती रक्कम या मागणीत समाविष्ट नाही.

आपला विश्वासू,
(सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, बँक तपशील)

सोबत: संदर्भातील कागदांच्या प्रती, दुरुस्तीचे फोटो, मुदत ठेव पावतीची प्रत, रद्द केलेला धनादेश.

प्रत: मा. उपअभियंता, उपविभाग ......, यांना अहवाल तातडीने विभागास सादर होण्यासाठी.

पत्र एवढंच. "आर्थिक अडचणीत आहे", "मुलीचं लग्न आहे" असं काही नाही. तुमची अडचण खरी असेल, पण तिचा टिपणीत उपयोग नाही. मूळ पत्रिका लिपिकाला तुमच्या पत्रावरून जवळपास जशीच्या तशी उतरवता आली पाहिजे.

दुरुस्तीचं पत्र आपण स्वतःहून का सांगितलं? ते फायलीत आहेच. आपण लपवलं तर कोणीतरी ते काढणार आणि शेरा मारणार, "दुरुस्ती झाली किंवा कसे, खात्री करावी." आणखी एक फेरी. आपणच तारखेसह सांगितलं की तो प्रश्न उरत नाही.

उपअभियंत्यांच्या प्रतीकडे लोक दुर्लक्ष करतात. ती प्रत पोस्टाने सोडून देऊ नका. उपविभागात स्वतः नेऊन द्या आणि तिथल्या आवक क्रमांकाचा वेगळा शिक्का घ्या. म्हणजे विभाग म्हणाला "उपविभागाकडून अहवाल नाही" आणि उपविभाग म्हणाला "विभागाकडून पत्रच नाही", तरी तुमच्याकडे दोन्ही शिक्के असतात.

तारीख मार्चची घेतलीय. मार्चमध्ये लेखा शाखा वर्षअखेरच्या बिलांत बुडालेली असते, त्यामुळे तेव्हा कोणी तुमची फाइल हातात घेईल ही अपेक्षा ठेवू नका. तरी आवक मार्चमध्येच करा आणि पहिली चौकशी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. जिल्हा परिषदेचं काम असेल तर हिशोब मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला असतो. पत्र बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांनाच द्यायचं, पण फाइल पुढे कुठे गेली हे विचारताना तिथेही डोकवावं लागतं.

चौकशीला गेल्यावर एक उत्तर हमखास मिळतं: "सध्या निधी नाही." चालू कामाच्या बिलाला हे उत्तर ठीक. पण अनामत ही तुमच्या झालेल्या बिलातून कापून सार्वजनिक बांधकाम ठेवी या शीर्षाखाली, म्हणजे ८४४३ खाली, जमा केलेली रक्कम आहे. ती कामाच्या अनुदानातून नव्याने द्यायची नसते. भांडू नका. शांतपणे विचारा, "साहेब, ठेव नोंदवहीत ही रक्कम दिसते ना? परताव्याचं बिल तयार झालंय का?" प्रश्न बरोबर विचारला की उत्तरही बदलतं. टीडीएसचंही तसंच. तो बिलाच्या पूर्ण रकमेवर आधीच कापलेला असतो, त्यामुळे अनामत परत देताना पुन्हा कापायचं कारण नसतं. कापला तर लगेच लक्षात आणून द्या.

दीड-दोन महिन्यांत हालचाल नसेल तर स्मरणपत्र. त्यात नवीन काही लिहायचं नाही. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि दिनांक द्यायचा, प्रत जोडायची. दुसऱ्या स्मरणपत्रात मात्र २००५ च्या कायद्याचा उल्लेख करता येतो, ज्याला आपण दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतो. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये, असं त्यात आहे. पहिल्याच पत्रात हे लिहू नका. सुरुवातीलाच कायदा दाखवला की समोरचा माणूस तुमच्या फायलीत त्रुटी शोधायला बसतो.

त्यानंतरही शांतताच असेल तर माहिती अधिकार. १० रुपये शुल्क, जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज, ३० दिवसांची मुदत. "माझे पैसे का दिले नाहीत" असं विचारू नका, कारण "का" ला माहिती म्हणून उत्तर मिळत नाही. मागायचं ते कागद: माझ्या पत्रावरील टिपणीची प्रत, ठेव नोंदवहीतील माझ्या नोंदीची प्रत, आणि फाइल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होती त्याचा तपशील. बऱ्याचदा प्रती काढायला फाइल वर येते आणि तिथूनच पुढे सरकते.

एक मोह टाळा. लघु उद्योगांच्या कायद्यातली ४५ दिवसांची तरतूद आणि चक्रवाढ व्याज हे हल्ली प्रत्येक पत्रात घालतात. बांधकामाचं कंत्राट त्या कायद्यात बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक प्रकरणांत घेतलेली आहे. माल पुरवणाऱ्याची गोष्ट वेगळी. कंत्राटदाराच्या पत्रात ती ओळ घातली तर पत्र विधी शाखेच्या अभिप्रायाला जाण्याची शक्यता वाढते, एवढंच हाती लागतं.

आणि वेळेचं गणित लक्षात ठेवा, कारण इथे खरंच पैसे बुडतात. दोन घड्याळं चालू असतात. पहिलं लेखा नियमांचं: तीन पूर्ण आर्थिक वर्षांहून जास्त काळ कोणी न मागितलेली ठेव व्यपगत समजून शासनाच्या खात्यात जमा केली जाते. त्यानंतर ती मिळूच शकत नाही असं नाही, पण जादा मंजुरी लागते आणि तुमची साधी फाइल अवघड होऊन बसते. दुसरं घड्याळ मुदतीच्या कायद्याचं: दावा करायला साधारण तीन वर्षं. आपल्या उदाहरणात मार्च २०२८ पर्यंत. तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ही मुदत वाढत नाही, दहा पाठवली तरी नाही. विभागाने मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबूल केलं की ही रक्कम देणं आहे, तर ती त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. म्हणून विभागाचं एखादं उत्तर आलं तर ते जपून ठेवा. शासनाविरुद्ध दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे वकिलाकडे जायचंच असेल तर शेवटच्या महिन्यात जाऊ नका.

शेवटी पैसे निघायच्या दिवशीचं. परतावा देताना एक छापील कागद सहीसाठी पुढे येऊ शकतो: "सदर कामापोटी माझी संपूर्ण रक्कम मिळाली, यापुढे कोणताही दावा राहिला नाही." पैसे येणार या आनंदात लोक सही करून मोकळे होतात. तुमचे रोखलेले २०,००० अजून बाकी असतील तर ती सही त्या पैशांवर पाणी सोडणारी ठरू शकते. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "फक्त सुरक्षा अनामत रु. ३५,२०० व मुदत ठेव पावती मिळाली. चाचणी अहवालासाठी रोखलेले रु. २०,००० येणे बाकी." मग तारीख घालून सही करा आणि त्या कागदाचा फोटो तिथेच काढून घ्या.